अंथरुणात पडल्यावर विचारांचं चक्र सुरू होतं? मग तयारी संध्याकाळीच सुरू करा

रात्री टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या येतात. मान कलते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, आत जाऊन झोप ना." मग दिवा मालवून गादीवर आडवं झालं की डोळे टक्क उघडतात आणि एकामागून एक सुरू होतं: उद्याची मीटिंग, भरायचं राहिलेलं बिल, दुपारी जाऊ तसं का बोलली. तुमच्या बाबतीत असं होत असेल, तर त्यातली एक गोष्ट नीट बघा. सोफ्यावर झोप येत होती. म्हणजे शरीराची झोपेची तयारी झालेली होती. ती मोडली गादीवर आल्यावर.

याची दोन कारणं आहेत. दिवसभर काम, माणसं आणि फोन यांत मनाला सवड मिळत नाही. गादी ही दिवसातली पहिली निवांत जागा ठरते आणि दिवसाची सगळी थकबाकी तिथेच वसूल व्हायला येते. दुसरं कारण सवयीचं आहे. महिनोन्‌महिने गादीवर पडून विचार केले, कुशी बदलल्या, घड्याळ बघितलं, की मेंदू गादी आणि जागं राहणं यांची सांगड घालतो. मग विशेष काळजीचं कारण नसतानाही नुसतं उशीवर डोकं टेकताच जाग येते. परगावी किंवा पाहुण्यांच्या घरी चटकन झोप लागते, असं अशी बरीच माणसं सांगतात, त्याचं कारण हेच.

म्हणून "झोपायच्या आधी मन शांत करा" हा सल्ला अपुरा पडतो. विचार जोर लावून थांबत नाहीत. थांबवायला गेलं की मन तो विचार गेला का हे तपासत राहतं आणि त्या तपासण्यानेच तो परत येतो. विचारांना संध्याकाळी बसून एक ठरलेली वेळ द्यायची आणि गादी फक्त झोपेसाठी मोकळी ठेवायची, हे दोन्ही एकत्र केलं तरच फरक पडतो. पुढची सगळी आखणी त्यासाठी आहे.

आधी वेळा ठरवा

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, ठाण्यात राहणारी 44 वर्षांची एक बाई आहे. सहकारी बँकेत नोकरी, मुलगा बारावीला, पुढच्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डब्यासाठी सकाळी 5:45 ला उठावंच लागतं. झोप पुरत नाही म्हणून ती रात्री 10 लाच अंथरुणात शिरते आणि 12 पर्यंत तळमळते. म्हणजे गादीवर पावणेआठ तास, पण झोप पावणेसहा तासच.

लवकर आडवं होणं हा तिला उपाय वाटतो, पण तोच तिचा घोटाळा आहे. 10 वाजता ती थकलेली असते, पेंगुळलेली नसते. थकवा म्हणजे अंग दुखणं, चिडचिड, काही करावंसं न वाटणं. पेंग म्हणजे पापण्या जड होणं, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणं, मान कलणं. थकव्यावर आडवं झालं की मनाला दोन तास मोकळं रान मिळतं.

तेव्हा उठायची वेळ पक्की धरायची, रविवारीसुद्धा. मग मागे मोजायचं. सध्या खरी झोप जितकी मिळते त्यात पाऊण तास मिळवा आणि तेवढ्याच वेळापुरतं गादीवर जा. या बाईच्या बाबतीत ती वेळ येते रात्री 11:15. आठवडाभर झोप लवकर लागायला लागली, की ही वेळ 15 मिनिटांनी अलीकडे आणायची. खरी झोप 5 तासांपेक्षाही कमी असेल, फिट येण्याचा किंवा बायपोलर आजाराचा इतिहास असेल, किंवा रात्री-पहाटे गाडी चालवण्याचं काम असेल, तर गादीवरचा वेळ असा स्वतःच्या मनाने कमी करू नका. डॉक्टरांना विचारूनच करा. बाकीच्या पायऱ्या त्यांनाही चालतील.

चहाचं इथेच उरकतो. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण 5 तास लागतात, काहींना त्याहून जास्त. घरी आल्यावरचा साडेसहाचा चहा हा आपल्याकडे खरा अडचणीचा. तो दुधावर किंवा साध्या गरम पाण्यावर न्या. दुपारचा खुशाल घ्या.

काळजीची वही: 7:30 ला, खुर्चीत बसून

सगळ्या आखणीत मी सर्वांत जास्त वजन या पायरीला देते, कारण बाकीचं सगळं करून ही गाळली तर विचार रात्री येतातच.

साधी शाळेची वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. जेवणाआधी किंवा जेवण झाल्या झाल्या, पण झोपायच्या किमान तीन तास आधी, 15 मिनिटं बसा. गादीवर नाही, बेडरूममध्येही नाही. डाव्या बाजूला आज रात्री डोक्यात येण्याची शक्यता असलेल्या गोष्टी लिहा. कालच्या रात्री कशाने जागं ठेवलं ते आठवलं की यादी आपोआप होते. उजव्या बाजूला प्रत्येकीचं पुढचं एकच पाऊल लिहा. पूर्ण उत्तर शोधायचं नाही. पुढचं पाऊल तेवढं.

आपल्या उदाहरणातल्या बाईचं पान असं दिसेल. डावीकडे: "सासूबाईंच्या ऑपरेशनला कॅशलेस मिळेल का?" उजवीकडे: "उद्या 11 नंतर हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला फोन. पॉलिसी नंबर आत्ताच पर्समध्ये ठेवला." डावीकडे: "ऑडिटमध्ये ती राहिलेली एन्ट्री निघाली तर?" उजवीकडे: "सकाळी गेल्या गेल्या फाइल काढून मॅडमना मीच आधी सांगणार." डावीकडे: "मुलाचं फिजिक्स कच्चं आहे." उजवीकडे: "शनिवारी क्लासच्या सरांना भेटायची वेळ आज मेसेज करून मागितली."

आणि मग एक ओळ अशी येते जिला उजवी बाजूच नसते: "बाबा आता पूर्वीसारखे हिंडू-फिरू शकणार नाहीत." इथे बरेच जण अडकतात आणि रकाना रिकामा सोडतात. रिकामा सोडू नका, कारण रिकामी जागा रात्री मन भरून काढतं. तिथे खरं तेच लिहा: "याला आज करण्यासारखं काही नाही. वाईट वाटतंय. रविवारी दुपारी त्यांना फोन करीन." दुःखाला उपाय नसतो, पण त्याच्यासाठी एक वेळ राखून ठेवता येते.

उजवी ओळ नीट लिहिली की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. तिच्यात स्वतःच्या हाताने करता येईल अशी क्रिया आणि वार असला पाहिजे. "काळजी घेईन", "बघू", "जास्त विचार करायचा नाही" या ओळी चालत नाहीत. त्या लिहूनही छातीवरचं ओझं तसंच राहतं, हे लिहिणाऱ्याला लगेच कळतंही.

15 मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की थांबा. वही मिटून हॉलमधल्या कपाटात ठेवा. ही रोजनिशी नाही. भावना सविस्तर उलगडत बसलात तर तासभर जाईल आणि मन आणखी ढवळून निघेल. पानभर लिहूनही उजवीकडे दोनच ओळी असतील, तर लिहिणं घोकण्यात घसरलंय असं समजा आणि डावीकडे फक्त तीन गोष्टींची मर्यादा घाला.

कामांच्या यादीचा उपयोग प्रयोगातही तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांना झोपण्यापूर्वी 5 मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. 2018 मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षात पहिल्या गटाला सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली. ज्यांनी कामं बारकाईने आणि जास्त लिहिली, त्यांना आणखी लवकर. 9 मिनिटं हा आकडा छोटा आहे आणि प्रयोगही छोटा होता, तेव्हा वही एकटी चमत्कार करील असं मानू नका. पण नेमकेपणाचा मुद्दा घेण्यासारखा आहे. "ऑफिसचं काम" असं लिहिण्यापेक्षा "पाटकरांच्या खात्याचं केवायसी" असं लिहिलेलं मन लवकर सोडून देतं.

शेवटचा तास

आपल्या घरांत रात्रीचा तास रिकामा नसतो. ओटा आवरायचा असतो, उद्याची भाजी निवडायची असते, कुणाचा तरी गणवेश इस्त्रीचा राहिलेला असतो. त्यामुळे मेणबत्ती लावून ध्यानाला बसा, असा सल्ला मी देणार नाही. आहे त्याच कामांचा क्रम पक्का करा आणि त्यातलं एक काम शेवटचं म्हणून ठरवून टाका. विरजण लावणं हे त्यासाठी फार चांगलं आहे. दूध कोमट झालं, चमचाभर दही घातलं, झाकण ठेवलं, गॅसचा नॉब एकदा बघितला, की आजचं काम संपलं. त्यानंतर स्वयंपाकघरात परत जायचं नाही. रोज तोच क्रम झाला की काही आठवड्यांत शरीर त्याला ओळखायला लागतं.

आपल्या बाईचं विरजण 10:15 ला लागेल. तिथून 11:15 पर्यंत हॉलमधली ट्यूबलाइट बंद, एखादा पिवळा मंद दिवा चालू. हवं असेल तर कोमट-गरम पाण्याने 10 मिनिटं अंघोळ. ती झोपायच्या तास-दोन तास आधी केली तर त्वचेकडे रक्त वाढतं, नंतर शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि झोप यायला मदत होते. अगदी झोपताना केली तर तेवढा फायदा मिळत नाही.

या तासात काय करायचं, याला एक कसोटी लावा: मन थोडं गुंतलं पाहिजे, पण पुढे काय होणार याची ओढ लागता कामा नये. आधी वाचलेलं पुस्तक, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, लसूण सोलणं, विणकाम, ओळखीची जुनी गाणी मंद आवाजात. ऐन वळणावर संपणारी मालिका, बातम्यांवरची चर्चा आणि नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही तिन्ही या कसोटीत नापास होतात. नुसतं डोळे मिटून शांत बसणंही अनेकांना जमत नाही. ज्यांचं मन धावतं त्यांच्यासाठी पूर्ण रिकामा वेळ म्हणजे विचारांना आमंत्रण. हाताला काम असू द्या.

फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा आणि उठण्यासाठी साधं गजराचं घड्याळ घ्या. म्हाताऱ्या आईवडिलांचा फोन येईल ही धास्ती असते, म्हणून पुष्कळ जण फोन उशाशी ठेवतात. त्यांनी फोन हॉलमध्येच ठेवून फक्त घरच्या नंबरांची रिंग चालू ठेवावी आणि बाकी सूचना बंद कराव्यात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. नवरा-बायकोला दिवसभर बोलायला वेळ मिळत नाही आणि मग हप्ते, मुलाची फी, सासर-माहेरचं सगळं दिवा मालवल्यावर गादीवर निघतं. एक जण मन मोकळं करून दहा मिनिटांत घोरायला लागतो आणि दुसरा पहाटेपर्यंत हिशोब करत बसतो. हे बोलणं जेवणानंतरच्या शतपावलीत हलवा. "हे उद्या शतपावलीला बोलू," एवढं वाक्य गादीवर पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच बोलायचं.

गादीवर पडल्यावर

पापण्या जड झाल्या असतील तरच पडा. 11:15 वाजले आणि डोळे लख्ख असतील, तर खुर्चीतच थांबा. 11:15 ही लवकरात लवकर पडायची वेळ आहे, झोप लागलीच पाहिजे अशी मुदत नव्हे.

पडल्यावर विचार आला तर त्याच्याशी वाद घालू नका. "हे वहीत आहे" एवढं मनात म्हणा आणि लक्ष दुसऱ्या कामाला लावा. ते काम असं आहे. कॅनडातले संशोधक ल्यूक बोदुआँ यांनी सुचवलेल्या पद्धतीचं हे मराठीतलं रूप. एक साधा, भावना न चाळवणारा शब्द घ्या, समजा "बदक". पहिलं अक्षर ब. ब वरून सुरू होणारी एकेक वस्तू आठवा आणि प्रत्येक वस्तूचं चित्र काही सेकंद डोळ्यांसमोर धरा. बरणी, तिचं निळं झाकण. बगळा, भाताच्या खाचरात. बोर. बैलगाडी. बांगडी. सुचायचं थांबलं की द: दोरी, दरवाजा, दिवा, दगड. मग क: कंदील, कैरी, कपाट. चित्रांचा एकमेकांशी संबंध नसणंच महत्त्वाचं आहे. काळजीला सलग गोष्ट लागते, एकातून दुसरं निघावं लागतं. सुटी सुटी चित्रं ती साखळी जमू देत नाहीत, आणि झोप लागता लागता मनात जी तुटक दृश्यं येतात त्यांच्याशी त्यांचं साम्य असतं.

शब्द निवडताना ळ आणि ण असलेले टाळा, त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सापडत नाहीत आणि माणूस कोडं सोडवत जागा राहतो. ब वर "बॉस" किंवा "बिल" आलं तर सोडून पुढे जा. मध्येच कुठल्या अक्षरावर होतो हे विसरलात तर उत्तम, झोप जवळ आली आहे.

झोप नाहीच आली तर उठा

अंदाजे 20 मिनिटं झाली असं वाटलं, किंवा त्याआधीच चिडचिड सुरू झाली, तर उठा. घड्याळ बघून मोजू नका. घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा. "आता झोपलो तरी साडेचारच तास मिळतील" हा हिशोब तुम्हाला हमखास जागं करतो.

ही पायरी लोकांना सर्वांत नकोशी वाटते, पण गादी आणि जागेपण यांची सांगड तुटते ती इथेच. निद्रानाशावरच्या उपचारात हा नियम 1970 च्या दशकापासून वापरात आहे. अडचण घरांची आहे. वन-रूम-किचनमध्ये उठून जायचं कुठे? जागा दिवसा ठरवून ठेवा: स्वयंपाकघरातली खुर्ची, पॅसेजमध्ये अंथरलेली चटई, हॉलच्या कोपऱ्यातलं स्टूल. तिथे एक छोटा दिवा, एक जुनं पुस्तक, पांघरायला चादर आणि एक कागद-पेन्सिल आधीच मांडा. अगदीच जागा नसेल तर अंथरुणावरच भिंतीला टेकून बसा, पण पडून राहू नका. नवीन विचार आलाच असेल तर कागदावर एकच ओळ लिहा. ती उद्या 7:30 ला वहीत जाईल. फ्रिज उघडू नका, ओटा पुसायला घेऊ नका. पेंग आली की परत. गरज पडली तर पुन्हा उठा.

फरक पडतोय हे कसं कळेल

रोज सकाळी, रात्री नाही, कॅलेंडरच्या चौकोनात तीन अंदाज लिहा: किती वाजता पडलो, झोप लागायला किती वेळ लागला असावा, किती वाजता उठलो. अंदाजच लिहा. मनगटावरच्या घड्याळातल्या झोपेच्या गुणांकडे या काळात बघू नका, त्याने झोपेची परीक्षा होऊन बसते. एका रात्रीवरून काही ठरवू नका. आठवड्याची सरासरी काढा.

आपल्या बाईचा पहिला आठवडा बहुधा वाईटच जाईल. 11:15 पर्यंत जागायचं, मधे उठायचं आणि 5:45 ला उठायचंच, यामुळे दुपारी डोळे मिटू लागतील. दुपारची झोप आणि रविवारचं लोळणं या दोन्हींचा मोह इथे होतो, आणि तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं, कारण रात्रीसाठी साठत आलेली झोप दुपारी खर्च होते. फारच झालं तर दुपारी 3 च्या आत 20 मिनिटं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला दोन तासांऐवजी पाऊण तास, मग अर्धा तास असं उतरताना दिसायला हवं. अर्ध्या तासाच्या आत झोप लागणं सामान्यच आहे, त्याखाली आणायच्या मागे लागू नका. विचार येणं पूर्ण थांबणार नाही. ते येऊनही झोप लागली, की आखणीचं काम झालं.

चार आठवडे सगळ्या पायऱ्या पाळूनही चौकोनांतले आकडे हलले नाहीत तर बहुधा वहीची वेळ किंवा उठायची वेळ पाळली जात नाहीये. तेही नसेल तर कारण दुसरं असू शकतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेची तक्रार असेल आणि दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर तो निद्रानाश समजून तपासून घ्यावा. विचारांबरोबर धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असेल तर थायरॉइडची तपासणी लागते. मोठं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, किंवा रात्री पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं, यांवर वहीचा उपयोग नाही. विचार भरधाव धावतायत, तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, उलट जास्तच उत्साह, बोलणं आणि खर्च वाढलाय, असं घरच्यांना दिसलं तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ते मॅनियाचं लक्षण असू शकतं. जगणं नकोसं वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास विनामूल्य असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर या आखणीच्या भरवशावर त्या एकदम बंद करू नका, डोस डॉक्टरांनीच उतरवायचा असतो. आणि जाताना कॅलेंडरची ती पानं बरोबर न्या. निद्रानाशासाठीची सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत, जी गोळ्यांच्या आधी सुचवली जाते, तिची सुरुवात अशाच नोंदींपासून होते, आणि महिन्याभराच्या नोंदी हातात असतील तर पहिल्याच भेटीत कामाचं बोलणं होतं.